काउंटर १४ नंतर थेट ३१ का दाखवतो? हळू चढणारा सिग्नल, नॉइज आणि श्मिट ट्रिगर

एक साधं सर्किट घेऊया. ५ व्होल्टचा सप्लाय, एक पुशबटण, आणि एकामागे एक जोडलेल्या दोन 74HC163 काउंटर आयसी. आठ आउटपुटवर आठ एलईडी, म्हणजे ० ते २५५ पर्यंतचा आकडा बायनरीत दिसतो. बटण एकदा दाबून सोडलं की आकडा एकने वाढायला हवा, बास, एवढंच काम.

आता बटणाचे कॉन्टॅक्ट जुळताना आणि सुटताना काही वेळ थरथरतात, ज्याला आपण बाउन्स म्हणतो, हे बहुतेकांना माहीत असतं. म्हणून आपण कॅपॅसिटर टाकतो. १० किलोओहमचा रेझिस्टर सप्लायपासून कॅपॅसिटरकडे, १ मायक्रोफॅरॅडचा कॅपॅसिटर तिथून ग्राउंडला, आणि बटण त्या कॅपॅसिटरला १०० ओहममधून ग्राउंडशी जोडतं. बटण दाबलं की कॅपॅसिटर पटकन रिकामा होतो, सोडलं की १० किलोओहममधून सावकाश भरतो. बाउन्समधे कॉन्टॅक्ट अगदी १ मिलिसेकंद उघडा राहिला तरी तेवढ्यात कॅपॅसिटर जेमतेम अर्धा व्होल्ट चढतो आणि पुढच्या टेकण्यात परत रिकामा होतो, त्यामुळे बाउन्सचा बंदोबस्त खरंच होतो. हा कॅपॅसिटरचा पॉइंट थेट दोन्ही काउंटरच्या क्लॉक पिनला जोडला की काम झालं असं वाटतं.

पण आकडा एकने वाढत नाही. बटण सोडलं की कधी ३ ने वाढतो, कधी १२ ने, कधी बरोबर एकने. आणि कधीकधी तर अजून विचित्र गोष्ट दिसते: १२, १३, १४, मग एकदम ३१, आणि पुढच्या दाबाला १६. त्यानंतर पुन्हा १७, १८ सगळं सुरळीत. बाउन्स तर आपण घालवला, मग हे काय? कॅपॅसिटर कमी पडला असेल म्हणून बरेच जण १ च्या जागी १० मायक्रोफॅरॅड लावतात, आणि प्रकार कमी होण्याऐवजी वाढतो. ह्या ३१ चं कारण नीट समजलं ना, की श्मिट ट्रिगर कशासाठी असतो ते पुन्हा कधी विसरायला होणार नाही, म्हणून जरा निवांत बघूया.

आधी कॅपॅसिटरवरचा व्होल्टेज किती वेगाने चढतो ते बघा. १० किलोओहम गुणिले १ मायक्रोफॅरॅड म्हणजे १० मिलिसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट. व्होल्टेज अर्ध्यावर, म्हणजे २.५ व्होल्टवर यायला साधारण ६.९ मिलिसेकंद लागतात, आणि त्या अर्ध्याच्या आसपास त्याचा वेग असतो मायक्रोसेकंदाला पाव मिलिव्होल्ट. आपल्याला ७ मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही वाटत, पण 74HC फॅमिलीचं गेट साधारण १० नॅनोसेकंदात उत्तर देतं, त्याच्या हिशोबाने हा सिग्नल चढतोय की नुसता थांबलाय हेसुद्धा कळू नये इतका तो हळू आहे. डेटाशीटमधे याची मर्यादा स्पष्ट दिलेली असते, फक्त ती ओळ कोणी वाचत नाही: ४.५ व्होल्ट सप्लायला इनपुटचा चढायचा किंवा उतरायचा वेळ जास्तीत जास्त ५०० नॅनोसेकंद. आपला सिग्नल १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला २२ मिलिसेकंद घेतो. म्हणजे मर्यादेच्या चाळीस हजार पटीहून जास्त.

डिजिटल इनपुटला शून्य आणि एक ह्यांच्या मधलं काही कळत नाही असं आपण शिकतो, पण आतमधे तो एक अॅनालॉग अॅम्प्लिफायरच असतो, ज्याचा गेन प्रचंड आहे. साध्या 74HC इनपुटला एकच उंबरठा असतो, साधारण सप्लायच्या निम्म्यावर. त्याच्या खाली लो, वर हाय. सिग्नल १० नॅनोसेकंदात तो उंबरठा ओलांडून गेला तर मधल्या अवस्थेत काय झालं ह्याला महत्त्वच राहत नाही. पण आपला सिग्नल त्या उंबरठ्यावर रेंगाळतो, आणि सगळे घोळ तिथेच होतात.

पहिला घोळ नॉइजचा. समजा सप्लाय स्वस्तातल्या अडॅप्टरचा आहे आणि त्यावर ५० मिलिव्होल्टचा, १०० किलोहर्ट्झच्या आसपासचा रिपल आहे. आता कोणी म्हणेल की कॅपॅसिटर १ मायक्रोफॅरॅडचा आहे, त्याच्यावरचा व्होल्टेज काय १०० किलोहर्ट्झला हलणार नाही. बरोबर आहे, तो नाही हलत. पण उंबरठा हलतो! तो सप्लायच्या निम्म्यावर असतो ना, मग सप्लाय ५० मिलिव्होल्ट वरखाली झाला तर उंबरठा २५ मिलिव्होल्ट वरखाली होतो. सिग्नल हलला काय किंवा मोजायची रेघ हलली काय, गेटसाठी दोन्ही एकच. म्हणूनच नुसता मोठा कॅपॅसिटर लावून हा प्रॉब्लेम सुटत नाही, कारण हा नॉइज कॅपॅसिटरच्या पुढे, आयसीच्या आत शिरतोय, आणि मोठ्या कॅपॅसिटरने सिग्नल मात्र दहापट हळू होऊन दहापट जास्त वेळ त्या हलत्या रेघेपाशी थांबतो.

आयसीचा स्वतःचा नॉइज, ज्याच्याकडे आपण लगेच येऊ, आणि इकडच्या तिकडच्या वायरींतून शिरलेलं असं सगळं मिळून ५० मिलिव्होल्टचा पट्टा धरा. मायक्रोसेकंदाला पाव मिलिव्होल्ट ह्या वेगाने तो पट्टा पार करायला सिग्नलला २०० मायक्रोसेकंद लागतात. १०० किलोहर्ट्झच्या रिपलचं एक आवर्तन १० मायक्रोसेकंदांचं, म्हणजे तेवढ्यात रिपलची वीस आवर्तनं होऊन जातात, आणि दर आवर्तनाला सिग्नल रेघेच्या वर-खाली होऊ शकतो. काउंटरसाठी प्रत्येक वर जाणं म्हणजे एक खरीखुरी क्लॉक एज. तो बिचारा प्रामाणिकपणे सगळ्या मोजतो. आपण बटण एकदा सोडलं आणि आकडा १२ ने पुढे गेला तो असा.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते कारण ती बाहेर कुठलाही नॉइज नसतानासुद्धा होते. अगदी बॅटरीवर चालवा, सगळं शांत ठेवा, तरी होते. समजा क्लॉक द्यायला मधे एक साधा इन्व्हर्टर आहे, 74HC04. इनपुट हळूहळू वर चढतंय, उंबरठ्याला टेकलं, आउटपुट हायवरून लो व्हायला निघालं. आउटपुट लो होताना पुढच्या वायरीत आणि इनपुटांत साठलेला चार्ज आयसीच्या ग्राउंड पिनमधून बाहेर पडतो. पिन, ब्रेडबोर्डची पट्टी आणि ग्राउंडची वायर मिळून ५० नॅनोहेन्री इंडक्टन्स सहज असतो. त्यातून ५ नॅनोसेकंदात १० मिलिअँपिअर करंट वाढला तर त्या इंडक्टन्सवर १०० मिलिव्होल्ट पडतात. म्हणजे आयसीच्या आतलं ग्राउंड बाहेरच्या ग्राउंडपेक्षा क्षणभर १०० मिलिव्होल्ट वर उचललं जातं. इनपुट बाहेर आहे तिथेच आहे, पण आयसी ते स्वतःच्या ग्राउंडपासून मोजतो, त्यामुळे त्याला ते १०० मिलिव्होल्टने कमी झाल्यासारखं दिसतं. म्हणजे परत उंबरठ्याच्या खाली! मग आउटपुट परत हाय, मग ग्राउंड परत जागेवर, मग इनपुट परत वर, मग आउटपुट परत लो. गेट स्वतःच स्वतःला डिवचत राहतं, आणि इनपुट १०० मिलिव्होल्टने पुढे सरकेपर्यंत, म्हणजे ४०० मायक्रोसेकंद, हे चालू राहू शकतं. डिकपलिंगचा ०.१ मायक्रोफॅरॅडचा कॅपॅसिटर आयसीच्या पायांजवळ लावल्याने, ग्राउंडच्या वायरी आखूड ठेवल्याने हे कमी होतं, आणि ते लावायलाच हवं, पण रेंगाळणाऱ्या सिग्नलला हे पूर्ण थांबवत नाही.

बरं, ह्या मधल्या काळात गेटच्या इनपुटचे वरचे आणि खालचे दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट चालू असतात, म्हणजे सप्लायपासून ग्राउंडपर्यंत आरपार करंट वाहतो. एका बटणासाठी ह्याने काही बिघडत नाही, पण बॅटरीवरच्या वस्तूत एखादा सेन्सर संध्याकाळभर निम्म्या व्होल्टेजवर बसून राहिला तर बॅटरी लवकर का संपते ह्याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

आता त्या ३१ कडे येऊ. ह्यासाठी नॉइज, ग्राउंडचं उचलणं सगळं बाजूला ठेवा, समजा काहीच नाही, सिग्नल आरशासारखा स्वच्छ आहे, फक्त हळू आहे. कॅपॅसिटर थेट दोन्ही काउंटरच्या क्लॉकला जोडलाय. दोन आयसींचे उंबरठे कधीच तंतोतंत सारखे नसतात. समजा पहिल्याचा, म्हणजे खालचे चार बिट मोजणाऱ्याचा, २.२ व्होल्ट आहे आणि दुसऱ्याचा २.६ व्होल्ट. आपला सिग्नल २.२ वर येतो ५.८ मिलिसेकंदांनी आणि २.६ वर येतो ७.३ मिलिसेकंदांनी. म्हणजे जी क्लॉक एज दोघांना एकाच क्षणी मिळायला हवी ती दुसऱ्याला दीड मिलिसेकंद उशिरा मिळते, आणि ह्या आयसींचं स्वतःचं काम वीसेक नॅनोसेकंदांत आटपतं.

74HC163 ची जोडणी अशी असते की पहिला काउंटर १५ वर असताना त्याची कॅरीची पिन हाय होते आणि दुसऱ्याला सांगते की पुढच्या क्लॉकला तू एकने वाढ. "पुढच्या क्लॉकला" ह्यातच सगळा जीव आहे. आता पहिला १४ वर आहे आणि एज आली. पहिला २.२ व्होल्टला १५ झाला, कॅरी लगेच हाय झाली. दुसऱ्याला अजून ही एज दिसलेलीच नाहीये. दीड मिलिसेकंदाने दिसते, तो बघतो तर कॅरी हाय, म्हणून तो वाढतो. दुसऱ्यात १, पहिल्यात १५, एलईडींवर १६ अधिक १५ म्हणजे ३१. पुढच्या दाबाला पहिला ० होतो, कॅरी लो होते, दुसऱ्याला एज दिसेपर्यंत कॅरी गेलेली असते म्हणून तो वाढत नाही. त्यामुळे आकडा १६. चूक स्वतःच स्वतःला झाकते आणि पुढे सगळं बरोबर दिसतं, म्हणून असा बग शोधणं अतिशय त्रासाचं असतं.

आणि गंमत बघा, दोन्ही आयसी सॉकेटमधून काढून एकमेकांच्या जागी लावल्या तर प्रॉब्लेम पूर्ण गायब होतो. कारण आता दुसरा काउंटर आधी एज बघतो, तेव्हा कॅरी जुनीच असते, जशी असायला हवी. मग माणूस म्हणतो एक आयसी खराब होती बहुतेक. आयसी दोन्ही चांगल्या आहेत. असं जागा बदलून लक्षण बदललं तर क्लॉकची एज किती वेगाने चढतेय हे आधी तपासा. शिफ्ट रजिस्टरच्या साखळीत हेच होतं, तिथे एखादा बिट एकाच क्लॉकमधे दोन घरं पुढे पळतो.

म्हणजे हळू सिग्नलचे दोन वेगळे अपराध आहेत. एक, उंबरठ्यावर रेंगाळून एका एजच्या अनेक एजा करणं. दोन, एकच एज वेगवेगळ्या आयसींना वेगवेगळ्या वेळी देणं. मधे एक 74HC04 टाकला तर दुसरा अपराध मिटतो, कारण आता दोन्ही काउंटरना त्या एका गेटचं वेगवान आउटपुट मिळतं. पण पहिला तसाच राहतो, उलट जास्त ठळक होतो, कारण गेट प्रत्येक थरथर मोठी करून, कडक एज बनवून पुढे देतं. त्यात अजून एक बदल: इन्व्हर्टरमुळे आता मोजणी बटण दाबताना व्हायला हवी, पण सोडताना आउटपुट हायवरून लोकडे जाताना जी थरथर होते तिच्यातही वर जाणाऱ्या एजा असतातच, त्यामुळे दाबल्यावर एक आणि सोडल्यावर आणखी सात असं काहीतरी दिसतं. दाबण्या-सोडण्याची अशी वेगवेगळी मोजणी दिसली तर संशय ह्याच्यावरच घ्या, कारण दाबताना कॅपॅसिटर १०० ओहममधून शंभरपट वेगाने उतरतो आणि सोडताना हळू चढतो, त्रास बहुतेक हळू बाजूलाच होतो.

आता उपाय. एक उंबरठा ठेवण्याऐवजी दोन ठेवायचे. चढताना वरचा, उतरताना खालचा. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचा पंप ऑटोमॅटिक असतो तेव्हा तो पाणी अगदी खाली गेल्यावर सुरू होतो आणि टाकी भरल्यावरच बंद होतो, एकाच रेघेवर चालू-बंद केला असता तर पाण्यावरच्या प्रत्येक लाटेला मोटर चालू-बंद झाली असती, इथेही तसंच आहे. इनपुट वरचा उंबरठा ओलांडून गेलं की आउटपुट बदलतं, आणि त्याच क्षणी उंबरठा स्वतः खाली सरकतो. आता आउटपुट परत बदलायचं तर सिग्नलला बरंच अंतर मागे यावं लागेल. ह्या दोन उंबरठ्यांमधल्या अंतराला हिस्टेरेसिस म्हणतात, आणि असा इनपुट म्हणजे श्मिट ट्रिगर.

हा उंबरठा सरकतो कसा, तर आउटपुटचा थोडा भाग इनपुटकडे परत आणून, आणि तोही मदत करेल अशा दिशेने, म्हणजे पॉझिटिव्ह फीडबॅकने. कंपॅरेटरने स्वतः बनवायचा असेल तर अगदी सोपं आहे. मायनस पिनला २.५ व्होल्ट द्या, सिग्नल १० किलोओहममधून प्लस पिनला आणा, आणि आउटपुटपासून प्लस पिनला १०० किलोओहम जोडा. आउटपुट ० असताना ते प्लस पिनला थोडं खाली ओढतं, त्यामुळे सिग्नलला २.७५ व्होल्टपर्यंत चढावं लागतं. आउटपुट ५ झालं की तेच रेझिस्टर प्लस पिनला वर ढकलतं, आणि आता सिग्नल २.२५ च्या खाली आला तरच आउटपुट पडतं. हिस्टेरेसिस अर्धा व्होल्ट, म्हणजे आउटपुटचा ५ व्होल्टचा झोका गुणिले दोन रेझिस्टरांचं गुणोत्तर. LM393 सारख्या कंपॅरेटरचं आउटपुट स्वतः वर जात नाही, त्याला पुल-अप रेझिस्टर लागतो, तो १०० किलोओहमच्या मानाने लहान ठेवा, १ किंवा २ किलोओहम, नाहीतर गणित बिघडतं. आणि सिग्नल देणारा सोर्सही १० किलोओहमच्या मानाने भक्कम हवा.

फीडबॅकचा दुसरा फायदा असा की आउटपुट एकदा हलायला लागलं की ते स्वतःलाच पुढे ढकलतं, मधे थांबायची जागाच राहत नाही. म्हणून इनपुट कितीही हळू असलं तरी आउटपुटची एज नेहमी तेवढीच वेगवान येते. 74HC14 ह्या श्मिट ट्रिगर इनपुटच्या इन्व्हर्टर आयसीमधे इनपुट २२ मिलिसेकंदांत चढू दे किंवा दोन तासांत, आउटपुट काही नॅनोसेकंदांतच उलटतं.

हे सर्किट शोधणारे ऑटो श्मिट. १९३४ मधे ते अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत विद्यार्थी होते आणि स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याच्या मज्जातंतूंतून सिग्नल कसा जातो ह्याचा अभ्यास करत होते. मज्जातंतू एका मर्यादेपर्यंत गप्प असतो आणि ती ओलांडली की पूर्ण ताकदीने पेटतो, अर्धवट काही नाही, तेच वागणं त्यांनी दोन व्हॅक्यूम ट्यूब जोडून मिळवलं. पेपर १९३८ मधे आला. आज आयसीच्या आत ट्यूबऐवजी काही जादा ट्रान्झिस्टर असतात जे आउटपुट बघून इनपुटचा उंबरठा इकडे-तिकडे ओढतात, मूळ कल्पना तीच.

आपल्या काउंटरला परत लावून बघू. 74HC14 मधे सहा श्मिट इन्व्हर्टर असतात आणि त्याची पिनांची मांडणी 74HC04 सारखीच आहे, त्यामुळे सॉकेटमधून ०४ काढायची, १४ लावायची, एकही वायर हलवायची नाही. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी कुठल्याही दुकानात मिळते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डेटाशीटप्रमाणे ४.५ व्होल्ट सप्लायला वरचा उंबरठा साधारण २.५ व्होल्ट आणि खालचा १.६, म्हणजे हिस्टेरेसिस ०.९ व्होल्ट, ५ व्होल्टला आकडे थोडे वर सरकतात. बटण सोडलं, कॅपॅसिटर सावकाश चढला, २.५ ला पोचला, आउटपुट लो झालं. त्याच क्षणी आतलं ग्राउंड १०० मिलिव्होल्ट उचललं गेलं, वर रिपलचे ५० धरा, गेटला इनपुट २.३५ वाटलं. वाटू दे! उंबरठा आता १.६ वर आहे, अजून पाऊण व्होल्ट शिल्लक आहे. आणि मधल्या वेळात कॅपॅसिटर वर वरच चाललाय. म्हणजे एक दाब, एक एज. आउटपुट वेगवान असल्याने दोन्ही काउंटरना ती एकाच वेळी मिळते, ३१ सुद्धा गेला.

पण नेहमीच्या आकड्यावर डिझाइन करू नका, त्याच टेबलात कमीत कमी आणि जास्तीत जास्तचे रकाने असतात ते बघा. ४.५ व्होल्टला हिस्टेरेसिस कमीत कमी ०.४ व्होल्ट असू शकतो, आणि वरचा उंबरठा १.५५ पासून ३.१५ पर्यंत कुठेही. म्हणजे नॉइज सगळा मिळून पीक-टू-पीक ०.४ च्या आत ठेवायचा. आणि बाउन्सचं गणित १.५५ धरून करायचं: आपला कॅपॅसिटर शून्यापासून १.५५ ला यायला ३.७ मिलिसेकंद घेतो, तर बाउन्समधे कॉन्टॅक्ट सलग तेवढा वेळ उघडा राहत नसेल तर कुठलीही १४ नंबरची आयसी चालेल. बटण फार जुनं आणि खराब असेल तर कॅपॅसिटर वाढवा, आता वाढवायला हरकत नाही, कारण हळूपणाची भीती गेली. उंबरठे इतके फिरत असल्यामुळे ह्याच आयसीने अचूक वेळ मोजायचा टाइमर बनवायला मात्र जाऊ नका.

हे घडतंय हे ओळखायचं कसं? स्कोपवर ५ मिलिसेकंद प्रति डिव्हिजन लावून बघितलं तर एज एकदम सरळ, सुंदर दिसते, आणि तिथेच लोक फसतात. ती थरथर एवढ्या वेळाच्या स्केलवर एका रेषेत मावून जाते. ट्रिगर गेटच्या आउटपुटवर लावा, ऑटो नाही, सिंगल मोड ठेवा, आणि टाइमबेस ५० मायक्रोसेकंदावर आणा, मग अजून खाली, १०० नॅनोसेकंदापर्यंत. एका एजच्या जागी कुंपणाच्या काड्यांसारखी रांग उभी दिसली की झालं निदान. स्वस्तातल्या २४ मेगाहर्ट्झच्या लॉजिक अॅनालायझरवर फार विसंबू नका, तो साधारण ४२ नॅनोसेकंदांनी एकदा बघतो, त्याहून बारीक पल्स त्याच्या नजरेतून निसटू शकतात, आणि काउंटरला मात्र त्या पुरतात. प्रोब टेकवल्यावर आकडा नीट मोजला जातो आणि काढल्यावर परत बिघडतो, असं झालं तर तेही ह्याच रोगाचं लक्षण, प्रोबचे दहा-पंधरा पिकोफॅरॅड त्या बारीक पल्सना गिळतात.

एक गोंधळ वारंवार होतो तो सांगतो. ब्रेडबोर्डवर CD4017 ला हेच बटण, हाच कॅपॅसिटर थेट जोडला तर व्यवस्थित चालतं. कारण CD4017 च्या क्लॉक पिनच्या आत श्मिट ट्रिगर बसवलेलाच आहे, डेटाशीटमधे लिहिलंय की क्लॉकच्या चढण्या-उतरण्याच्या वेळेला मर्यादा नाही. मग तेच सर्किट दुसऱ्या काउंटरवर नेलं की बंद पडतं आणि दोष नव्या आयसीला मिळतो. आर्डुइनो उनोच्या पिनांनाही आत श्मिट ट्रिगर आहे, म्हणून तिथे हा प्रॉब्लेम क्वचित जाणवतो. पण प्रत्येक चिपला असतो असं धरून चालू नका, विशेषतः एफपीजीएच्या पिनला हळू सिग्नल द्यायच्या आधी तिचं डेटाशीट उघडा, कित्येकांत तो नसतो किंवा सेटिंगमधून चालू करावा लागतो.

श्मिट ट्रिगरकडून काय होत नाही हेही स्पष्ट असू दे. तो बाउन्स घालवत नाही. बाउन्स म्हणजे पूर्ण ० ते ५ व्होल्टच्या उड्या, त्या ०.९ व्होल्टच्या हिस्टेरेसिसला सहज ओलांडतात. कॅपॅसिटर काढून नुसती 74HC14 लावली तर ती प्रत्येक उडी इमानेइतबारे पुढे पाठवेल. दोघं मिळूनच काम होतं, रेझिस्टर-कॅपॅसिटर उड्यांचा हळू उतार करतो आणि श्मिट ट्रिगर त्या उताराची एकच एज करतो. तसंच वर जाताना एका जागी आणि खाली येताना दुसऱ्या जागी बदल होत असल्याने पल्सची रुंदी थोडी बदलते, बटणाला त्याने काही होत नाही, पण पल्सच्या रुंदीतच माहिती असेल, समजा अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर, तर तो फरक हिशोबात धरावा लागतो. आणि आयसीतले उरलेले पाच इन्व्हर्टर वापरात नसतील तर त्यांची इनपुटं ग्राउंडला बांधा, लोंबकळत ठेवली की ती स्वतःच निम्म्या व्होल्टेजवर जाऊन बसतात.

शेवटचा मुद्दा ज्यांचं सर्किट दुसऱ्याच एखाद्या क्लॉकवर चालतं त्यांच्यासाठी. आपल्या उदाहरणात बटण हेच क्लॉक होतं. पण समजा आत १० मेगाहर्ट्झचा क्लॉक सतत चालू आहे आणि बटण फक्त एका फ्लिप-फ्लॉपच्या डेटा पिनला येतं. श्मिट ट्रिगरने सिग्नलचा आकार चांगला केला, पण माणूस बटण नेमकं कधी दाबणार हे क्लॉकला माहीत नाही. ती एज नेमकी क्लॉकच्या एजच्या अंगावर आली तर फ्लिप-फ्लॉप काही काळ ना हाय ना लो असा अडकू शकतो, ह्याला मेटास्टेबिलिटी म्हणतात, आणि हिस्टेरेसिसचा त्यावर काही इलाज नाही. तिथे श्मिट ट्रिगरच्या पुढे त्याच क्लॉकवर चालणारे दोन फ्लिप-फ्लॉप एकामागे एक लावायचे, पहिल्याचं आउटपुट दुसऱ्याशिवाय कोणीच वापरायचं नाही, म्हणजे अडकलेल्याला सुटायला क्लॉकचं जवळपास एक पूर्ण आवर्तन, इथे १०० नॅनोसेकंद, मिळतं. हा क्रम उलटा करून आधी फ्लिप-फ्लॉप आणि मग श्मिट ट्रिगर असं केलं तर उपयोग नाही, कारण रेंगाळणारा सिग्नल तेव्हाही पहिल्याच फ्लिप-फ्लॉपच्या तोंडावर उभा असतो.